पुराच्या इशाऱ्यानंतर फौंड्री सुरक्षित बंद कशी करावी: कोल्हापूरच्या कारखान्यांसाठी आपत्कालीन आराखडा

कोल्हापुरात फौंड्री चालवणाऱ्याला पुराचा आराखडा तयार करताना पहिला प्रश्न पडतो तो असा, की पाणी कारखान्याच्या दारात कधी येईल? माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा असायला हवा, की भट्टी सुरक्षितपणे थंड करून, वीज तोडून, शेवटचा माणूस बाहेर काढायला आपल्याला किती तास लागतात आणि तेवढे तास हातात राहावेत म्हणून कोणत्या पातळीला काम थांबवायचे? हे उत्तर कागदावर नसेल, तर पाणी दिसल्यावर जे काही केले जाते ती नुसती धावपळ असते, आणि वितळलेल्या लोखंडाशेजारी अशी धावपळ जिवावर बेतू शकते.

हा लेख प्रामुख्याने इंडक्शन फर्नेसवर चालणाऱ्या लहान व मध्यम फौंड्रीसाठी आहे. नव्याने रुजू झालेले सेफ्टी ऑफिसर, शिफ्ट इनचार्ज आणि ज्यांच्याकडे सेफ्टी ऑफिसर हे पदच नाही असे मालक यांना डोळ्यांसमोर ठेवून मी तो लिहिला आहे. मशीन शॉप किंवा इतर कारखान्यांनाही पातळीची आकडेमोड आणि शिरगणती हे भाग जसेच्या तसे वापरता येतील.

१. आधी जमवायची कागदपत्रे आणि साधने

आराखडा लिहायला बसण्यापूर्वी खालील गोष्टी टेबलावर असाव्यात. यांतले काही मिळवायला आठवडे लागतात, म्हणून हे काम मे महिन्याच्या आत उरकावे.

- कारखान्याचा नकाशा, ज्यावर भट्टीचा पिट, विजेचे मुख्य पॅनेल, जनरेटर, गॅस सिलिंडरचा साठा, डिझेलची टाकी, मागचा दरवाजा आणि जवळचा नाला स्पष्ट दाखवलेला आहे.
- भट्टीच्या उत्पादकाचे माहितीपुस्तक. त्यातले थंड करण्याच्या वेळेचे आणि आपत्कालीन पाणीपुरवठ्याचे पान वेगळे काढून ठेवावे.
- २०१९ आणि २०२१ च्या पुरात कारखान्यात व समोरच्या रस्त्यावर पाणी कुठवर आले होते, याच्या खुणा आणि तारखा.
- कायम कामगार, प्रत्येक ठेकेदाराचे कामगार आणि आवारातल्या खोल्यांत राहणारे लोक यांच्या वेगवेगळ्या याद्या, राहत्या गावासह.
- विमा पॉलिसी. तिच्यात वादळ, पूर आणि पाणी शिरणे यांचे संरक्षण खरोखर घेतलेले आहे का, हे स्वतः वाचून पाहावे.
- हाताने वाजवायचा सायरन, शिट्ट्या, बॅटऱ्या, दोर, लाइफ जॅकेट, डिझेलवर चालणारा पाणी उपसण्याचा पंप आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलेले कोरे हजेरीचे तक्ते.
- फोन क्रमांकांची छापील यादी. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७, पोलीस, अग्निशमन वा रुग्णवाहिका हवी असल्यास ११२, आणि महावितरणसाठी १९१२. याशिवाय आपल्या उपकेंद्राचा थेट क्रमांक मिळवून ठेवावा.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या पहिल्या परिशिष्टात फौंड्रीची गणना धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या उद्योगांत केलेली होती. त्यामुळे कारखान्याकडे लेखी आपत्कालीन आराखडा बहुधा असतोच. मात्र बऱ्याच ठिकाणी तो आगीसाठी लिहिलेला असतो आणि पुराला एखाद्या परिच्छेदात गुंडाळलेले असते. तो आधी वाचावा आणि पुराचा भाग स्वतंत्र करावा, कारण पुढे दिसेल त्याप्रमाणे दोन्हींतली जमण्याची जागा, वेळ आणि क्रम वेगळे आहेत.

२. राजाराम बंधाऱ्याची पातळी आपल्या कारखान्याशी जोडा

पंचगंगेची पातळी कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर फूट-इंचांत मोजली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी आहे आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये नदी ५५ फुटांच्या पुढे गेली होती आणि दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद झाला होता. हे आकडे कोल्हापुरात सगळ्यांना तोंडपाठ असतात. पण आपल्या कारखान्याच्या दृष्टीने ३९ आणि ४३ यांना स्वतःचा असा काही अर्थ नसतो, तो आपण द्यावा लागतो.

त्यासाठी चार ठिकाणे निवडा: भट्टीचा पिट, कारखान्यासमोरचा रस्ता, जोत्याची पातळी आणि कामगारांच्या गावांकडे जाणारे रस्ते. बंधाऱ्यावर किती फूट पाणी असताना या प्रत्येक ठिकाणी पाणी येते, हे मागच्या पुरांच्या नोंदींवरून ठरवा. बंधाऱ्यावरच्या आकड्याची आणि जोत्याच्या उंचीची थेट तुलना मात्र करू नका, कारण वाहत्या पुराच्या पाण्याला उतार असतो आणि शहरात पुष्कळदा नदी समोरून न येता जयंती नाल्यासारख्या नाल्यांतून उलटी फुगत आत येते. शेजारच्या जुन्या दुकानदारांना विचारावे. "चव्वेचाळीसला आमच्या पायरीला लागतं" असे सांगणारा माणूस प्रत्येक गल्लीत सापडतो, आणि अशा दोन-तीन जणांचे सांगणे जुळले की त्या आकड्यावर विसंबता येते.

पिटकडे विशेष लक्ष द्यावे. नदीकाठच्या व नाल्याकाठच्या जमिनीत भूजलाची पातळी नदीबरोबर चढते आणि रस्ता कोरडा असतानाच पिटच्या तळाशी पाझर सुरू होतो. आधी कोपऱ्यातले सिमेंट काळपट ओले दिसते, मग बोटभर रुंदीची धार भिंतीच्या सांध्यातून उतरते आणि तासाभरात तळाशी तेलाचा तवंग असलेले पाणी साठलेले दिसते. भट्टीतून धातू फुटून खाली आला तर तो याच पिटमध्ये येणार असतो. तिथे पाणी असेल तर धातूखाली अडकलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, तिचे आकारमान मूळ पाण्याच्या हजारो पट वाढते आणि धातूचा स्फोट होऊन तो शेडभर उडतो. म्हणून पावसाळ्यात प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला पिटमध्ये बॅटरी मारून पाहणे आणि वहीत सही करणे हा नियम असावा. पिट ओला असेल तर भट्टी चालवायची नाही, नदी कितीही खाली असो.

३. काम थांबवण्याची पातळी काढा: एक सोडवलेले उदाहरण

उदाहरणादाखल शहराच्या सखल भागात, नाल्यापासून जवळ असलेली एक फौंड्री घेऊ. तिच्याकडे ५०० किलोच्या दोन भट्ट्या आणि एक पॅनेल आहे. तिच्या नोंदींनुसार बंधाऱ्यावर ४२ फूट झाले की पिटमध्ये पाझर सुरू होतो, ४३ फुटांच्या सुमारास पाडळी, चिखली, शिये बाजूच्या कामगारांचे घरी जाण्याचे रस्ते बंद होऊ लागतात आणि ४५ फुटांना समोरच्या रस्त्यावर पाणी येते.

आता उलटे मोजू. चालू हीट पूर्ण करून भट्टी रिकामी करायला २ तास लागतात. त्यानंतर अस्तर थंड होईपर्यंत कॉइलमधून पाणी फिरत ठेवावे लागते. हा कालावधी भट्टीच्या आकारावर आणि अस्तराच्या जाडीवर ठरतो आणि तो उत्पादकाच्या पुस्तकातूनच घ्यायचा. या उदाहरणात तो १२ तास धरू. शेवटी पॅनेलची वीज तोडणे, पंप व मोटारी उचलणे यांसाठी आणखी २ तास. म्हणजे एकूण १६ तास. नदी तासाला ३ इंचांनी चढत असेल, तर १६ तासांत ती ४८ इंच, म्हणजे ४ फूट चढेल. समोरचा रस्ता ४५ फुटांना बुडतो. त्यातून ४ फूट वजा केले की ४१ उरतात. अंदाज चुकू शकतो म्हणून आणखी १ फूट हाताशी ठेवला, तर काम थांबवण्याची पातळी ४० फूट येते.

या हिशोबाने ४० फुटांना शेवटची हीट थांबवली, तर साडेचाळीस फुटांच्या आसपास भट्टी रिकामी झालेली असते. पिटमध्ये पाझर ४२ ला येतो. तेव्हा भट्टीत धातू नसतो. ४४ फुटांना वीज तोडून सगळे आवरलेले असते आणि रस्ता अजून कोरडा असतो. नदी तासाला ३ इंचांपेक्षा जास्त वेगाने चढत असेल, तर हाच निर्णय ३९ फुटांनाच घ्यावा. राधानगरी धरण भरून त्याच्या सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी अनेक एकदम उघडल्याची बातमी आली आणि वर पाऊस चालूच असेल, तेव्हाही ३९ हीच पातळी धरावी, कारण ते पाणी भोगावतीतून आपल्याकडेच येणार असते.

४० फुटांना कारखान्याबाहेर सगळे कोरडे असते, ऑर्डर अडलेली असते आणि कुणीतरी हमखास म्हणते, "एवढी हीट काढून घेऊ या." त्यासाठी आराखड्यात एक वाक्य ठळक लिहून त्यावर मालकाची सही घ्यावी: ठरलेल्या पातळीला वितळण थांबवण्याचा अधिकार त्या पाळीच्या इनचार्जचा आहे, त्यासाठी कुणाला फोन करून परवानगी घेण्याची गरज नाही आणि त्यामुळे झालेल्या नुकसानाचा जाब त्याला विचारला जाणार नाही. ही सही नसेल, तर रात्री दोन वाजता इनचार्ज फोन लागण्याची वाट पाहत बसतो आणि त्याच वेळात आणखी एक चार्ज भट्टीत पडतो.

४. भट्टी बंद करण्याचा क्रम

सायरन वाजला की पहिली सूचना एकच: भट्टीत नवा चार्ज टाकायचा नाही. ओल्या भंगाराचा धोका पावसात एरवीही असतो, आणि घाईत उघड्यावरचे भंगार उचलले जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. भट्टीत असलेला धातू तयार साच्यांत ओतावा. साचे कमी पडत असतील तर तो कोरड्या आणि गरम केलेल्या पिग मोल्डमध्ये ओतावा. जमिनीवर, वाळूच्या ढिगात किंवा सोयीचा म्हणून कुठल्या खड्ड्यात तो कधीही ओतू नये. पावसाळ्यात वरून कोरडी दिसणारी वाळू आतून ओली असते. धातू भट्टीतच गोठू देणे हा मार्गही टाळावा, कारण गोठलेला गोळा पुन्हा वितळवताना अस्तर फुटण्याचा धोका राहतो.

भट्टी रिकामी झाली की पॅनेल बंद करावे, पण कूलिंग पंप बंद करू नये. नवख्या लोकांकडून हा घोटाळा वारंवार होतो, कारण "सगळे बंद करा" या सूचनेत पंपही आला असे त्यांना वाटते. अस्तर तासन्तास लाल असते आणि कॉइलमधले पाणी थांबले तर आत वाफ धरून कॉइल जळते. झाकण लावून ठेवावे, म्हणजे अस्तर सावकाश थंड होते आणि कमी तडकते. महावितरणचा पुरवठा कुठल्याही क्षणी तुटू शकतो, म्हणून निदान एक कूलिंग पंप जनरेटरवर जोडलेला असावा, जनरेटर २०२१ च्या पूररेषेच्या वर चौथऱ्यावर असावा आणि बारा तासांचे डिझेल हाताशी असावे. जनरेटरही बंद पडला तर उंचावरच्या टाकीतून उताराने पाणी कॉइलमध्ये सोडता येते का, हे उन्हाळ्यात व्हॉल्व्ह उघडून पाहून ठेवावे. कित्येक ठिकाणी टाकी असते, पण व्हॉल्व्ह गंजलेला असतो.

या बारा तासांत उरलेली कामे होतात आणि त्यांचाही क्रम आहे. क्रेन आणि फोर्कलिफ्टने करायची कामे आधी, कारण वीज गेल्यावर जड वस्तू हलणार नाहीत. ग्राहकांचे लाकडी पॅटर्न सर्वांत वरच्या रॅकवर न्यावेत. ते परक्याची मालमत्ता असतात आणि एकदा पाण्यात भिजून फुगले की निकामी होतात. नोड्युलरायझर म्हणून वापरले जाणारे मॅग्नेशियम फेरोसिलिकॉन बंद डब्यांत, उंचावर आणि हवेशीर जागी ठेवावे, कारण ओलाव्याने त्यातून ज्वलनशील आणि विषारी वायू सुटतात. गॅसची मुख्य वाहिनी बंद करून सिलिंडर साखळीने बांधावेत. रिकामा आणि अर्धवट भरलेला एलपीजी सिलिंडर पाण्यावर तरंगतो आणि कुठे आपटेल याचा नेम नसतो. जमिनीखालची डिझेल टाकीही रिकामी असेल तर वर उचलली जाऊ शकते. ती भरून ठेवणे किंवा नांगरून घेणे हे दोनच उपाय आहेत. शेवटच्या ओतकामाचे गरम कास्टिंग मात्र घाईने बाहेर काढून ओल्या जमिनीवर टाकू नये.

वीज सर्वांत शेवटी. आधी एकेका मशीनचा स्विच, मग मुख्य ब्रेकर, त्यानंतर महावितरणला कळवून बाहेरून पुरवठा तोडून घ्यावा. प्रत्येक स्विचला कुलूप आणि नावाची पट्टी लावावी. भट्टीच्या पॅनेलमधील कपॅसिटर वीज तोडल्यानंतरही भारलेले असतात. उत्पादकाने दिलेला वेळ थांबून, अर्थिंगचा रॉड लावूनच वायरमनने कार्ड किंवा मीटर काढावेत. हे काम अर्हताप्राप्त वायरमनशिवाय कुणीही करू नये. आणि जमिनीवर पाणी आलेले असेल तर पॅनेल रूममध्ये शिरूच नये, मग आत कितीही मोलाची वस्तू राहिलेली असो.

५. जमण्याची जागा: आगीची वेगळी, पुराची वेगळी

बहुतेक कारखान्यांत हिरवी पाटी लावलेला असेंब्ली पॉइंट गेटजवळ मोकळ्या जागेत असतो. आगीसाठी तो बरोबर आहे. पुरासाठी तो बहुधा चुकीचा असतो, कारण गेट रस्त्याच्या बाजूला, म्हणजे सखल बाजूला असते आणि पाणी तिथूनच येते. म्हणून दोन जागा ठरवाव्यात. पहिली आवारातली सर्वांत उंच जागा, जिथे फक्त शिरगणती होईल. दुसरी आवाराबाहेरची, पूररेषेच्या बरीच वर असलेली जागा, म्हणजे एखादी शाळा, मंगल कार्यालय किंवा उंचावरच्या औद्योगिक वसाहतीतला ओळखीचा कारखाना, जिथे गाड्यांनी लोकांना पोहोचवायचे आहे. तिच्या मालकाची लेखी संमती आधी घ्यावी. तिथे जाणारा रस्ता नाल्याचा पूल ओलांडत नसावा. ही अट कागदावर साधी दिसते, पण कोल्हापुरात ती पाळायची तर पुष्कळदा जवळची जागा सोडून लांबची घ्यावी लागते.

चक्रीवादळाचा विचारही इथेच करावा. कोल्हापूर समुद्रापासून दूर आहे आणि मध्ये सह्याद्री आहे, त्यामुळे किनाऱ्यावरचा वारा जसाच्या तसा इथवर येत नाही. तरीही जून २०२० चे निसर्ग किंवा मे २०२१ चे तौक्ते यांसारखे वादळ कोकण किनाऱ्याजवळ असताना इथल्या शेडनाही सोसाट्याच्या वाऱ्यासाठी तयार ठेवावे लागते, आणि मे महिन्यातला वळीवही पत्रे उडवतोच. वाऱ्यात माणसांना मोकळ्यावर जमवणे धोक्याचे आहे. तेव्हा जमण्याची जागा म्हणजे ऑफिसची स्लॅबची इमारत, पत्र्याची शेड नव्हे आणि झाडाखालची पार्किंगही नव्हे. वादळाचा इशारा असताना वितळण थांबवण्याचे कारणही वेगळे असते: भट्टीवरचा एक पत्रा उडाला की पावसाचे पाणी थेट धातूवर आणि लॅडलमध्ये पडते. भट्टीवरच्या पत्र्यांचे हुक बोल्ट म्हणूनच मेमध्ये एकेक करून तपासावेत.

६. शिरगणती: हजेरीपट पुरेसा नसतो

बायोमेट्रिक मशीनवर विसंबू नका. वीज गेली की ते बंद पडते, आणि चालू असले तरी कोण आत आला एवढेच ते खात्रीने सांगते. गेटवर कागदी वही असावी आणि सायरन वाजताच वॉचमनने तीच वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जमण्याच्या जागी न्यावी.

सर्वांत जास्त सुटतात ते लोक तीन प्रकारचे असतात. पहिले, ठेकेदाराचे कामगार, ज्यांची हजेरी मुकादमाच्या खिशातल्या वहीत असते. दुसरे, माल आणणारे ट्रकचालक आणि क्लीनर. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आवारातल्या खोल्यांत राहणारे, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडून आलेले कामगार. रात्रपाळी करून ते दिवसा गाढ झोपलेले असतात, त्या पाळीच्या हजेरीत त्यांचे नाव नसते आणि मराठीत केलेली घोषणा त्यांना नीट समजेलच असे नाही. त्यांच्या खोल्यांची यादी वेगळी असावी, प्रत्येक दार ठोठावून माणूस उठवण्याची जबाबदारी एका नावावर असावी आणि मराठीबरोबर हिंदीतही घोषणा व्हावी.

मोजणी अशी होते. समजा, दिवसपाळीला कायम कामगार ४६, ठेकेदाराचे २२, खोल्यांत असलेले रात्रपाळीचे ९, चालक व क्लीनर ४, कॅन्टीनचे २ आणि पॅटर्न दाखवायला आलेला १ पाहुणा, असे ८४ जण आत आले. गेटपास घेऊन ६ जण बाहेर गेले. म्हणजे जागेवर ७८ हवेत. प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्या माणसांना एका ओळीत उभे करून, नाव पुकारून, प्रत्यक्ष चेहरा पाहून खूण करायची. "तो आलाय, मी पाहिला" हे सांगणे मोजणीत धरायचे नाही. एकूण ७६ भरले, तर दोन जण कमी आहेत. ठेकेदाराच्या यादीत एक कमी आणि चालकांत एक कमी असे लगेच दिसते, कारण याद्या वेगळ्या आहेत; सगळ्यांची एकच यादी असती तर अर्धा तास गेला असता. यांतला एक दुचाकी वाचवायला मागच्या दाराने गेलेला असू शकतो आणि दुसरा वाळूच्या शेडमागे उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये झोपलेला असू शकतो. फोन लावावा, सोबत्याला विचारावे, आणि तरीही पत्ता लागला नाही तरच शोधपथक पाठवावे. पथक दोघांचे, दोर व शिट्टी घेतलेले, कुठे जाणार आणि किती मिनिटांत परतणार हे वहीत लिहून निघालेले असावे. एकट्याने कुणीही परत आत जायचे नाही, मालकानेसुद्धा नाही.

मागचा दरवाजा ही शिरगणतीतली कायमची फट आहे. पावसाळ्यात तो आतून कुलूपबंद ठेवणे सुटकेच्या दृष्टीने चूक आहे, म्हणून तिथे एक माणूस उभा करावा आणि सायरननंतर त्या दारातून कुणी बाहेर पडले तर नाव लिहून घ्यावे.

मोजणी एकदा करून थांबू नये. पहिली जमण्याच्या जागी, दुसरी गाडीत चढताना आणि तिसरी पोहोचल्यावर, फोनने. पुरात माणूस कारखान्यात नव्हे तर घरी जाताना पाण्यातला रस्ता ओलांडायला जाऊन वाहून जाण्याचा धोका जास्त असतो.

७. कुणाला केव्हा घरी सोडायचे

हा निर्णय कारखान्यातल्या पाण्यावरून न घेता रस्त्यांवरून घ्यावा. आपल्या उदाहरणात ४३ फुटांना गावांकडचे रस्ते बंद होऊ लागतात. त्यामुळे भट्टी रिकामी होऊन माल उचलून झाला, की ४१ फुटांच्या सुमारास नदीपलीकडच्या गावांतले सर्व कामगार घरी निघाले पाहिजेत. त्यांच्याकडून आणखी चार तास काम करून घेण्याचा मोह टाळावा. ज्यांच्या गावाचा रस्ता आधीच बंद झाला आहे, त्यांना सोडू नये. त्यांची सोय बाहेरच्या जमण्याच्या जागी जेवणासह करावी.

भट्टी थंड होईपर्यंत थांबायला पाच-सहा जणांचे पथक लागते: एक इनचार्ज, वायरमन, जनरेटर पाहणारा, दोन मदतनीस आणि वॉचमन. हे सर्वजण शहराच्या उंच भागात राहणारे असावेत आणि त्यांची नावे पावसाळ्याआधी लिहिलेली असावीत. दर तासाला बंधाऱ्याची पातळी, पिटमधले पाणी आणि कॉइलमधून परतणाऱ्या पाण्याचे तापमान नोंदवावे. पिटमध्ये पाणी येऊ लागले तर पंपाने उपसत राहावे. ठरलेली शेवटची पातळी, इथे ४४ फूट, आली की भट्टी पुरती थंड झालेली नसली तरी पथकाने निघायचे. कॉइल पुन्हा भरता येते.

८. पाणी ओसरल्यावर

आत पहिले पाऊल वायरमन आणि इनचार्ज यांनी, दिवसाउजेडी टाकावे. एलपीजीचा वास येतो का, सिलिंडर जागेवर आहेत का, पत्रे लोंबकळत आहेत का, हे पाहूनच बाकीच्यांना बोलवावे. आत येताना पुन्हा नावे लिहावीत. चिखल काढण्यापूर्वी पाण्याच्या खुणेसह प्रत्येक मशीनचे फोटो घ्यावेत आणि विमा कंपनीला कळवावे. सर्व्हेअर येण्याआधी भिजलेला माल हलवला तर दाव्यात अडचण येते. सफाईला गमबूट आणि हातमोजे असावेत, आणि नंतर कुणाला ताप आला तर लेप्टोची शक्यता डॉक्टरांना सांगावी.

कोणतीही मोटार किंवा पॅनेल सुकवून, मेगरने इन्सुलेशन तपासल्याशिवाय वीज जोडू नये. भिजलेले अस्तर शंका असेल तर तोडून नव्याने भरावे. ठेवायचेच ठरले, तर ते भरवशाच्या भट्टीवाल्याकडून तपासून, उत्पादकाने दिलेल्या तापमानवाढीच्या वेगानेच सुकवावे. पिट उपसून, सुकवून, तळाशी कोरडी वाळू टाकून पुन्हा बॅटरी मारून पाहावा. लॅडलही तापवून घ्यावेत. पहिल्या हीटसाठी उघड्यावरचे भंगार न घेता शेडखाली सुकवलेलेच घ्यावे आणि ती हीट दिवसपाळीला, पिटच्या वहीत कोरड्याची सही झाल्यावर लावावी.